क्रमांक आणि संख्या: सीएसव्ही फाइल उघडताना गळणारी शून्ये

एका पतसंस्थेने या वर्षीचा लाभांश सभासदांच्या बँक खात्यांत थेट जमा करायचे ठरवले आहे, असे समजू. संस्थेच्या संगणकप्रणालीतून दोनशे सभासदांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढली जाते. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर तिच्या पहिल्या ओळी अशा दिसतात (नावे आणि क्रमांक अर्थातच काल्पनिक आहेत):

```
सभासद_क्र,नाव,खाते_क्र,लाभांश
00457,सुनंदा,7316402100012347,1350
00458,विठ्ठल,7316402100012348,900
00612,रेश्मा,0034102000056789,2250
01203,इस्माईल,30112345678,1800
```

आता हीच फाइल कार्यालयातील लिपिक नेहमीच्या सवयीने माउसने दोनदा क्लिक करून उघडतो. फाइल एक्सेलमध्ये उघडते आणि पडद्यावर साधारण असे दिसते:

```
457    सुनंदा     7.3164E+15    1350
458    विठ्ठल     7.3164E+15    900
612    रेश्मा     3.4102E+13    2250
1203   इस्माईल    30112345678   1800
```

सभासद क्रमांकांपुढची शून्ये गेली, तीन खाते क्रमांकांचे रूपांतर कुठल्याशा वैज्ञानिक भाषेत झाले आणि सुनंदा व विठ्ठल यांची खाती एकसारखी दिसू लागली. इस्माईल यांचा क्रमांक तेवढा शाबूत राहिला. तोसुद्धा रकाना अरुंद असेल तर 3.01E+10 असा दिसतो आणि रकाना रुंद केला की पूर्ववत होतो. वरवर पाहता हा एकच गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. त्यांपैकी एक निरुपद्रवी आहे, एक बहुतेकदा दुरुस्त करता येते आणि एकीला मूळ फाइलीशिवाय कोणताही इलाज नाही.

एक्सेल असे का वागते

मराठीत आपण ‘संख्या’ आणि ‘क्रमांक’ हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. लाभांशाचे १३५० रुपये ही संख्या आहे. तिच्यात दुसरी संख्या मिळवता येते, तिची सरासरी काढता येते. खाते क्रमांक किंवा सभासद क्रमांक ही मात्र अंकांत लिहिलेली नावे आहेत. दोन खाते क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, आणि 00457 मधील पहिली दोन शून्ये त्या नावाचा तितकाच भाग आहेत जितका त्यातला सात. हा भेद वाचणाऱ्या माणसाला रकान्याच्या शीर्षकावरून कळतो. एक्सेलला तो कळत नाही, आणि सीएसव्ही फाइल त्याला तो सांगतही नाही.

सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर असतो: एका ओळीत एक नोंद आणि दोन मूल्यांच्या मध्ये स्वल्पविराम. कोणता रकाना रकमेचा, कोणता तारखेचा आणि कोणता नुसत्या मजकुराचा, हे लिहून ठेवण्यासाठी या स्वरूपात जागाच नाही. त्यामुळे अशी फाइल थेट उघडली, की एक्सेल प्रत्येक मूल्य जणू कोणी कोऱ्या घरात हाताने टंकित केले आहे अशा रीतीने वाचते. जे अंकांसारखे दिसते ती संख्या, असा त्याचा नियम आहे. संख्येच्या डावीकडच्या शून्यांना गणितात किंमत नसल्यामुळे 00457 चे 457 होणे त्याच्या दृष्टीने अगदी योग्यच ठरते.

पुष्कळ जण यावर उपाय म्हणून फाइलीतील क्रमांकांभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालतात. त्याचा एक्सेलमध्ये उपयोग होत नाही. सीएसव्हीमध्ये अवतरणचिन्हांचे काम वेगळे आहे: पत्त्यासारख्या मूल्यातच स्वल्पविराम आला, तर तेथे नवा रकाना सुरू झाला असे समजू नये, एवढेच ती सांगतात. "00457" असे लिहिले तरी चिन्हे काढून टाकल्यावर उरलेले अंक एक्सेल संख्या म्हणूनच वाचते.

भारतातील पिनकोड शून्याने सुरू होत नाहीत, म्हणून हा अनुभव आपल्याकडे पत्त्यांच्या यादीत सहसा येत नाही. न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत मात्र 08820 चे 8820 झालेले हमखास पाहायला मिळते. आपल्याकडे त्याची जागा मुंबईच्या 022 ने सुरू होणाऱ्या दूरध्वनी क्रमांकांनी घेतली आहे.

पंधराव्या अंकानंतर काय होते

खाते क्रमांकांच्या रकान्यात दोन निरनिराळ्या घटना एकाच वेषात समोर येतात, म्हणून तेथे जरा थांबायला हवे. रेश्मा यांच्या घरावर क्लिक केले, तर वरच्या सूत्रपट्टीत 34102000056789 ही संख्या दिसते. सुरुवातीची दोन शून्ये गेली, पण पुढचे चौदाही अंक जसेच्या तसे आहेत. 3.4102E+13 हे केवळ दाखवण्याचे रूप आहे. ‘जनरल’ या नेहमीच्या स्वरूपात एक्सेल बारा किंवा अधिक अंकांची संख्या अशी आखडून दाखवते. बारा अंकी आधार क्रमांकांचा रकाना नेहमी असा दिसतो तो याच कारणाने. त्यातले अंक मात्र अजून घरात सुरक्षित असतात.

सुनंदा यांच्या घरावर क्लिक केल्यावर सूत्रपट्टीत दिसते 7316402100012340. शेवटचा सात गेला आणि तेथे शून्य आले. विठ्ठल यांच्या शेवटच्या आठाचेही तसेच झाले. हे रूप नव्हे, मूल्यच बदललेले आहे. रकाना रुंद करून, स्वरूप बदलून किंवा दशांशस्थळे कमी करून तो सात परत येत नाही, कारण तो त्या कार्यपत्रकात आता कुठेच नाही.

याचे कारण संगणकाच्या अंक साठवण्याच्या पद्धतीत आहे. एक्सेल प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या एका ठरावीक साच्यात साठवते, आणि त्या साच्यात प्रत्यक्ष अंकांसाठी ५३ बिटांएवढीच जागा मिळते. तिच्यात 9007199254740992 पर्यंतच्या पूर्ण संख्या अचूक बसतात, म्हणजे काही सोळा अंकी संख्या बसतात आणि काही बसत नाहीत. पंधरा अंकांची कोणतीही संख्या मात्र निश्चित बसते. म्हणून एक्सेलने सरसकट पंधरा अंकांवर रेघ ओढली असून सोळाव्या अंकापासून पुढे ते शून्ये भरते. रुपये मोजणाऱ्याला एवढी अचूकता पुरून उरते. खाते क्रमांकाला ती पुरत नाही, कारण तेथे शेवटचा अंक पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो, किंबहुना एकाच शाखेत लागोपाठ उघडलेल्या दोन खात्यांत फरक पडतो तो बहुधा शेवटीच. आपल्या उदाहरणातील दोन वेगळी खाती आता एकच झाली आहेत आणि तिसऱ्याच एका क्रमांकाची झाली आहेत. तो क्रमांक अस्तित्वात नसला तर रक्कम परत येईल. तो कोणा त्रयस्थाचा असला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

रेश्मा यांचा मूळ क्रमांकही सोळाच अंकी होता, तरी तो या कात्रीतून वाचला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सुरुवातीची शून्ये गळल्यावर मोजण्याजोगे अंक चौदाच उरले. त्यामुळे एकाच रकान्यात काही क्रमांकांची शून्ये गेलेली, काहींचा शेवटचा अंक गेलेला आणि काही धडधाकट, अशी सरमिसळ आढळते, आणि वरच्या चार-पाच ओळी तपासून ‘बरोबर आहे’ असा शेरा मारणारा माणूस हमखास फसतो.

फाइल बिघडते ती जतन करताना

येथे दिलासा देणारी बाब अशी, की नुसती उघडल्याने डिस्कवरील सीएसव्ही फाइल बदलत नाही. बदल होतो तो फक्त पडद्यावरील प्रतीत. ही प्रत जतन न करता बंद केली, तर मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि योग्य मार्गाने पुन्हा उघडता येते.

जतन केल्यावर मात्र नुकसान वाढते, आणि ते अपेक्षेपेक्षा अधिक असते. सीएसव्ही म्हणून जतन करताना एक्सेल घरातील मूल्य न लिहिता त्याचे दिसणारे रूप लिहिते. म्हणजे रेश्मा यांचे सूत्रपट्टीत सुरक्षित असलेले चौदा अंकही आता फाइलीत 3.4102E+13 या अक्षरांत उतरतात. ती फाइल पुढच्या वेळी उघडली, की त्याचे 34102000000000 होते. सुनंदा आणि विठ्ठल यांचे 7316400000000000 होते. एरवी निरुपद्रवी असलेले वैज्ञानिक रूप अशा प्रकारे जतन करताच विनाशक ठरते. आधार क्रमांकांच्या याद्या खराब होतात त्या बहुतेकदा याच पायरीवर, कारण बारा अंक पंधराच्या मर्यादेत सहज मावत असल्यामुळे त्याआधी त्यांना धोका नसतो.

त्यावरून दुरुस्तीची शक्यताही ठरते. सभासद क्रमांक सगळे पाच अंकीच असतील, तर गळलेली शून्ये शेजारच्या रकान्यात या सूत्राने परत आणता येतात:

```
=TEXT(A2,"00000")
```

सगळे क्रमांक समान लांबीचे आहेत, हे माहीत असल्यामुळेच हे जमते. खाते क्रमांकांच्या रकान्यात निरनिराळ्या बँकांचे अकरा, चौदा आणि सोळा अंकी क्रमांक मिसळलेले असतात. तेथे कोणापुढे किती शून्ये होती, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. सोळावा अंक तर मूळ यादीतूनच आणावा लागतो. फाइल उघडून झाल्यावर रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करणे, हा सर्वाधिक वापरला जाणारा उपाय आहे आणि तो निरुपयोगी आहे, कारण तोवर क्रमांकाची संख्या होऊन गेलेली असते.

उघडण्याची योग्य रीत

म्हणून फाइल वाचली जात असतानाच, म्हणजे अंदाज बांधला जाण्यापूर्वीच, एक्सेलला रकान्याचा प्रकार सांगावा लागतो. त्यासाठी फाइलीवर दोनदा क्लिक न करता आधी कोरे कार्यपत्रक उघडावे, Data या टॅबवर जाऊन From Text/CSV हे बटण दाबावे आणि फाइल निवडावी. समोर फाइलीची झलक दाखवणारी खिडकी येते. तिच्यातील File Origin या चौकटीत 65001: Unicode (UTF-8) असल्याची खात्री करावी, देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसत असतील, तर ती बहुधा याच एका निवडीने दुरुस्त होतात.

त्याच खिडकीत Data Type Detection नावाची चौकट असते आणि तिच्यात Based on first 200 rows असा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. म्हणजे एक्सेल पहिल्या दोनशे ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवते. तेथे Do not detect data types हा पर्याय निवडला, की सर्व रकाने मजकूर म्हणून येतात आणि एकही अंक हलत नाही. याची किंमत थोडीशी आहे: शीर्षकाची ओळ साध्या ओळीसारखी खाली येते, आणि लाभांशाचा रकानाही मजकूर झाल्यामुळे त्याची SUM शून्य दाखवते.

ज्यांना रकमांवर काम करायचे आहे, त्यांनी चौकटीतील निवड न बदलता Load ऐवजी Transform Data हे बटण दाबावे. उघडणाऱ्या संपादकात खाते_क्र या शीर्षकाच्या डाव्या कोपऱ्यातील छोट्या चिन्हावर क्लिक करून Text निवडावे. त्यावर एक्सेल विचारते, की हा बदल आधीच्या बदलाच्या जागी करायचा की नवी पायरी म्हणून जोडायचा. येथे Replace current हेच उत्तर द्यावे. Add new step निवडल्यास आधी क्रमांकाची संख्या होते आणि मग त्या संख्येचा मजकूर होतो. शून्ये पहिल्याच पायरीवर गेलेली असतात आणि रकाना मात्र मजकुराचा दिसल्यामुळे सारे ठीक झाल्याचा भास होतो. या खिडकीत घाईने केलेल्या एका क्लिकने सगळा खटाटोप वाया गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. सभासद_क्र साठीही हेच करावे, लाभांश रकाना संख्या म्हणून तसाच ठेवावा आणि Close & Load दाबावे.

ही यादी एखाद्या गावच्या जमिनींची असेल, तर गट क्रमांकाच्या रकान्यालाही याच रीतीने Text करावे. नाहीतर 12/3 या गटाची १२ मार्च ही तारीख होते, आणि सातबाऱ्याच्या बाबतीत काय होते याची कल्पना करता येईल.

लिबरऑफिस कॅल्क या बाबतीत अधिक सभ्य आहे. सीएसव्ही उघडताना ते स्वतःहून आयातीची खिडकी दाखवते. तीत रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करून Column type मध्ये Text निवडले, की काम झाले. गूगल शीट्समध्ये File, Import या मार्गाने फाइल घ्यावी आणि Convert text to numbers, dates, and formulas या ओळीपुढची खूण काढावी.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्यांसाठी २०२३ पासून आणखी एक सोय उपलब्ध आहे. File, Options, Data येथे Automatic Data Conversion या शीर्षकाखाली शून्ये काढून टाकणे आणि लांब संख्यांचे पहिले पंधरा अंकच ठेवणे, या दोन्ही सवयी खूण काढून बंद करता येतात. त्यानंतर दोनदा क्लिक करून उघडलेल्या फाइलीतही क्रमांक शाबूत राहतात. मात्र ही निवड त्या संगणकावरच्या एक्सेलपुरती असते, फाइलीबरोबर जात नाही. आपल्या टेबलावर नीट दिसणारी यादी शेजारच्या टेबलावर बिघडू शकते, हे ध्यानात ठेवूनच तिच्यावर भिस्त ठेवावी.

काही संगणकप्रणाली सीएसव्हीमध्येच ="00457" असे लिहून एक्सेलला चकवतात. एक्सेल ते सूत्र समजते आणि शून्ये दाखवते, हे खरे. पण तीच फाइल बँकेच्या प्रणालीत चढवली, तर बरोबरचे चिन्ह आणि अवतरणचिन्हे क्रमांकाचाच भाग म्हणून जातात. जी फाइल पुढे दुसऱ्या यंत्राने वाचायची आहे, तिच्यात ही क्लृप्ती वापरू नये.

सारे नीट आले, हे कसे ओळखावे

डोळ्यांनी दोनशे ओळी तपासण्यापेक्षा एक सूत्र पुरेसे आहे. COUNT हे फक्त संख्या असलेली घरे मोजते, मजकुराची घरे सोडून देते. म्हणून क्रमांकांच्या रकान्यावर ते चालवले, तर उत्तर शून्यच यायला हवे:

```
=COUNT(C2:C201)
```

उत्तर तीन आले, तर तीन क्रमांक कुठेतरी संख्या झाले आहेत. पण Add new step ने झालेले नुकसान या कसोटीत सापडत नाही, कारण तेथे शेवटी मजकूरच उरतो. म्हणून शून्याने सुरू होणारा एखादा क्रमांक नोटपॅडमधून हेरून तो येथे तसाच आला आहे का, हेही पाहावे. नीट आलेल्या मजकुराच्या घरांच्या डाव्या कोपऱ्यात कधी कधी हिरवा त्रिकोण दिसतो आणि त्यावर क्लिक केल्यास Convert to Number असा सल्ला मिळतो. आपल्या कामात तो त्रिकोण शुभचिन्ह आहे. सल्ला तेवढा मानू नये.

यापुढे एक सापळा उरतो आणि तो जाणकारांनाही चकवतो. एकच खाते क्रमांक दोनदा आला आहे का, हे पाहण्यासाठी आपण सहसा COUNTIF वापरतो. हे सूत्र अंकांसारख्या दिसणाऱ्या मजकुराला तुलनेपुरते पुन्हा संख्या मानते, आणि तेथे पंधरा अंकांची मर्यादा परत लागू होते. सुनंदा आणि विठ्ठल यांचे क्रमांक घरांत पूर्ण आणि वेगळे असूनही COUNTIF दोघांपुढेही 2 असे उत्तर देते. त्यावर विसंबून एखादा लिपिक विठ्ठल यांची ओळ ‘दुबार’ म्हणून काढून टाकू शकतो. अक्षराला अक्षर ताडून पाहणारे सूत्र असे आहे:

```
=SUMPRODUCT(--(C$2:C$201=C2))
```

याचे उत्तर दोघांपुढेही 1 येते.

काम चालू असताना यादी एक्सेलच्या स्वतःच्या .xlsx स्वरूपात ठेवावी, कारण त्यात रकान्याचा प्रकार मूल्याबरोबर साठवला जातो आणि फाइल कितीही वेळा उघडली तरी मजकूर मजकूरच राहतो. बँकेला पाठवण्यासाठी अगदी शेवटी CSV UTF-8 या प्रकारात एक प्रत काढावी. रकाना मजकुराचा असल्यामुळे तीत सर्व अंक आणि शून्ये उतरतात. ती प्रत बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी लिपिकाने ती पुन्हा दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, तर त्याला सुनंदा आणि विठ्ठल पुन्हा 7.3164E+15 वर दिसतील आणि खिडकी बंद करताना विचारलेल्या प्रश्नाला Save असे उत्तर दिले गेल्यास नीट तयार झालेली फाइल तेथेच बिघडेल. तपासणी नोटपॅडमध्ये करावी.